मोठा आवाज म्हणजे मोठा धोका? नाही हो

"बाळाच्या श्वासाचा जितका मोठा आवाज तितका धोका जास्त, आवाज कमी झाला की सूज उतरली. घसा सुजला वाटलं की आडवं झोपवून चमच्याने जीभ दाबा आणि टॉर्चने पडजीभ बघा." – फॅमिली ग्रुपवर फिरणारा मेसेज

आधी आवाजाचं बघू. मी मुलांच्या वॉर्डात काम करते, तिथे रात्री येणारं नेहमीचं मूल म्हणजे दीड-दोन वर्षांचं, दोन दिवस सर्दी होती, झोपलं तेव्हा ठीक होतं आणि दीड वाजता कुत्रा भुंकावा तसं खोकत उठलं, आवाज घोगरा, श्वास आत घेताना शिट्टीसारखा घर्र आवाज. हा क्रूप, बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा व्हायरसमुळे. सूज असते स्वरतंतूंच्या खाली, जिथे श्वासनलिकेभोवती कूर्चेचं पूर्ण कडं असतं. कडं बाहेर ताणत नाही, म्हणून सूज आतच येते. 4 मिलिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली की वाट 2 मिलिमीटरची उरते, म्हणजे जागा पाव झाली आणि हवेला अडथळा साधारण 16 पट! स्वरतंतूही सुजलेले म्हणून घोगरा आवाज, आणि खोकताना हवा त्या अरुंद कड्यातून जोरात बाहेर पडते म्हणून ते भुंकणं. ऐकून घाबरायला होतं, पण बहुतेक मुलं डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या एका डोसने काही तासांत सुधारतात.

आता दुसरं मूल. चार वर्षांचं, सकाळी खेळत होतं, संध्याकाळी खूप ताप, खोकला जवळजवळ नाहीच, गिळता येत नाही म्हणून लाळ गळतेय, पुढे वाकून हनुवटी बाहेर काढून गप्प बसलंय. हा एपिग्लॉटायटिस. इथे सूज स्वरतंतूंच्या वर, स्वरयंत्राच्या झाकणावर, आणि हे झाकण म्हणजे पडजीभ नव्हे, ते जिभेच्या मुळामागे असतं. स्वरतंतू ठीक असतात म्हणून आवाज घोगरा नाही, तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा दबका येतो, आणि सुजलेला मऊ भाग हळू थरथरतो म्हणून घोरल्यासारखा बारीक आवाज. म्हणजे जास्त धोक्याचं मूल जास्त शांत असतं, कळलं ना? आणि क्रूपमध्येही मूल थकून मलूल झालं, बरगड्या आत ओढल्या जातायत आणि घर्र आवाज कमी झाला, तर हवाच कमी जातेय, ती सूज उतरल्याची खूण नाही.

चमच्याचा सल्ला तर कृपा करून डिलीट करा. एपिग्लॉटायटिसमध्ये जीभ दाबली, मूल रडलं किंवा आडवं केलं तर वाट पूर्ण बंद होऊ शकते, म्हणून डॉक्टरही शक्यतो ऑपरेशन थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञ आणि श्वासासाठी नळी घालायची तयारी ठेवूनच बघतात.

एपिग्लॉटायटिस बहुतेकदा हिब नावाच्या जिवाणूमुळे व्हायचा. पेंटाव्हॅलंट लशीत हिबवरची लस आहे (6, 10 आणि 14 आठवडे), त्यामुळे हा आजार आता क्वचित दिसतो, पण डोस राहिलेत का कार्डावर बघा. लाळ गळतेय, किंवा शांत बसलेलं असतानाही श्वासाचा आवाज येतोय, तर 108 ला फोन करा, आईच्या मांडीवर बसवूनच न्या, वाटेत काही पाजू नका.