माळ्यातल्या हवेचा हिशोब: तो मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

*"दुपाखी घराच्या माळ्यात हवा किती, सोपा हिशोब. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करा, छप्पर निमुळतं असल्यानं तीननं भागा. रुंदी पागोळीपासून पागोळीपर्यंत धरा. उंचीसाठी वर चढायची गरज नाही, पत्र्याची तिरपी लांबी तीच उंची. आढं मधोमध नसेल तर हा हिशोब चालत नाही, इंजिनिअर पाहिजे. आढं दुप्पट उंच केलं की हवा चौपट. सगळ्या ग्रुपवर पाठवा."*

आपल्या इकडं उन्हाळ्यात टिनाखाली काय होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, आणि हल्ली लोक माळ्याला एक्झॉस्ट फॅन नाहीतर टर्बो पंखा बसवायला लागलेत. फॅन किती मोठा घ्यायचा हे हवेच्या घनफळावर ठरतं. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू. नमुन्याला एक घर घेऊ, आर्वी-कारंजाकडं असतं तसं साधं विटेचं. आतून भिंत ते भिंत रुंदी २० फूट, आतून लांबी ३० फूट, माळ्याच्या फळ्यांपासून सरळ वर आढ्यापर्यंत ६ फूट, आणि पाखं कडेला फळ्यांनाच येऊन टेकतं. आढ्याच्या दोन्ही टोकाला तिकोनी भिंती. भिंती ९ इंची, बाहेर सव्वा फूट पागोळी.

तीननं भागायचं? नाही, दोननं. तिकोनी भिंत समोरून बघा. तिचं क्षेत्रफळ म्हणजे अर्धा गुणिले रुंदी गुणिले उंची, २० गुणिले ६ चे १२०, त्याचे निम्मे ६० चौरस फूट. हाच तिकोन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३० फूट तसाच्या तसा जातो, कुठंही लहान होत नाही, म्हणून ६० गुणिले ३० म्हणजे १८०० घनफूट. घनमीटरमधे साधारण ५१. पटत नसेल तर कागदाचा असा तिकोन कापा, आढ्यापासून सरळ खाली चिरा आणि दोन तुकडे उलटसुलट लावा, १० फूट रुंद आणि ६ फूट उंच असा चौकोन बनतो, म्हणजे अख्ख्या डब्याचा बरोबर निम्मा.

मग हे तीन आलं कुठून? पिरॅमिडमधून. मंदिराच्या चारी बाजूनं निमुळत्या होत एका टोकाला मिळणाऱ्या छताला तीननं भागणं एकदम बरोबर आहे, कारण ते लांबीतही आटतं आणि रुंदीतही आटतं. दुपाखी छप्पर फक्त रुंदीत आटतं. आणि ज्यांचं घर चौपाखी आहे, म्हणजे चारही बाजूनं उतार आणि वर छोटं आढं, त्यांचं उत्तर ह्या दोघांच्या मधलं येतं, त्यासाठी हा फॉर्म्युला वापरा:

रुंदी × उंची × (२ × खालची लांबी + आढ्याची लांबी) ÷ ६

आपल्याच मापात आढं फक्त १० फूट असतं तर २० गुणिले ६ भागिले ६ म्हणजे २०, आणि कंसात ६० अधिक १० म्हणजे ७०, एकूण १४०० घनफूट. आता आढ्याची लांबी खालच्या लांबीएवढी, ३० टाकून बघा, १८०० येतात. आढं शून्य टाका, १२०० येतात, म्हणजे तीननं भागलेलं उत्तर. मेसेज लिहिणाऱ्यानं दुपाखी घराला चौपाखी घराचं, तेही आढंच नसलेल्या घराचं उत्तर लावलं, आणि १८०० मधले ६०० घनफूट तिथंच गायब झाले.

रुंदी पागोळीपासून पागोळीपर्यंत. पागोळीखालची हवा माळ्यातली नाही हो, ती अंगणातली आहे. आपल्या घरात पागोळीपासून मोजलं तर २४ फूट येतात (दोन्हीकडं ९ इंच भिंत आणि सव्वा फूट बाहेर). पण गोष्ट नुसती चार फुटांची नाही. छप्पर बाहेर जाताना खालीही उतरतं, १० फुटाला ६ फूट ह्या उतारानं भिंतीपुढच्या दोन फुटांत ते जवळपास १४ इंच खाली गेलेलं असतं. म्हणजे पागोळीची कड फळ्यांच्या लेव्हलच्या खाली. आता २४ फूट रुंद आणि ६ फूट उंच असा तिकोन तुमच्या घरात आहेच कुठं? रुंदी एका लेव्हलची आणि उंची दुसऱ्या लेव्हलची धरून केलेला गुणाकार कशाचाच नसतो. दोन्ही मापं एकाच पातळीवरून घ्यायची, फळ्यांच्या पातळीवरून, आणि आतून. लांबीचंही तेच, आतल्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत. जुन्या मातीच्या घरात तर हे फारच महत्त्वाचं, तिथं भिंतीच दीड-दोन फूट जाड असतात आणि बाहेरून टेप लावला की तीन-चार फूट उगीच वाढतात.

पत्र्याची तिरपी लांबी म्हणजे उंची. सगळ्यात मोठा घोळ हाच. आपल्या घरात भिंतीच्या आतल्या कडेपासून आढ्यापर्यंत तिरपं अंतर ११ फूट ८ इंच आहे, पागोळीसकट पत्रा १४ फूट लागतो, आणि खरी उंची आहे ६ फूट. मेसेजमधे सांगितलं तसंच सगळं करून बघा: ३० गुणिले २४ गुणिले १४ भागिले ३, उत्तर ३३६० घनफूट. खऱ्याच्या पावणेदोन पटीपेक्षाही जास्त. तीननं भागून जे कमी झालं ते पत्र्याच्या लांबीनं फुगवून टाकलं, आणि कोणाच्या घरात छप्पर फार उभं असेल, कोणाच्या फार पसरट, तर ही चूक प्रत्येकाकडं वेगळी निघणार, म्हणून "थोडंफार जमतं" असंही म्हणता येत नाही.

वर चढायची गरज नाही एवढं मात्र खरं आहे, फक्त रीत वेगळी. आतली तिरपी लांबी मोजा, तिचा वर्ग करा, त्यातून निम्म्या रुंदीचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा. ११.६६ चा वर्ग १३६, त्यातून १० चा वर्ग १०० गेला, राहिले ३६, वर्गमूळ ६. पण ही रीत आढं बरोबर मधोमध असेल तरच चालते. शंका असेल तर आढ्यावरून ओळंबा सोडा आणि त्याची दोरी मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

आढं मधोमध नसेल तर. इंजिनिअर कशाला? आपल्याकडं कितीतरी घरांत पुढच्या ओसरीकडं पाखं लांब आणि मागं आखूड असतं. समजा आढं एका भिंतीपासून ८ आणि दुसरीपासून १२ फुटांवर आहे. एका बाजूचा तिकोन २४ चौरस फूट, दुसऱ्या बाजूचा ३६, बेरीज परत ६०. आढं डावीकडं सरकवा का उजवीकडं, उंची आणि रुंदी तीच असली की हवा तेवढीच. फक्त दोन्ही पाखी खाली एकाच लेव्हलला टेकायला हवीत. पुढची भिंत ठेंगणी आणि मागची उंच असेल तर ओळंब्याच्या रेषेवर दोन भाग करून वेगवेगळं मोजा आणि बेरीज करा.

दुप्पट उंची, चौपट हवा. नाही, दुप्पटच. ६ चे १२ केले की १८०० चे ३६००. चौपट तेव्हा होईल जेव्हा रुंदीही दुप्पट कराल. नवं छप्पर टाकणाऱ्यानं एवढं बघावं की उंची दुप्पट झाली तरी पत्रा दुप्पट लागत नाही, आतली तिरपी लांबी ११ फूट ८ इंचांवरून साधारण १५ फूट ७ इंच होते, म्हणजे तिसरा हिस्सा जास्त. तिकोनी भिंतीच्या विटा मात्र दुप्पट लागतात.

आता मेसेजमधे जे नाहीच आणि ज्याच्यानं खऱ्या घरांत सगळ्यात जास्त फरक पडतो ते सांगतो. आपल्या भागात माळ्याच्या मयाली बऱ्याचदा भिंतीच्या माथ्यावर नसतात, त्याच्या फूट-दीड फूट खाली भिंतीत घुसवलेल्या असतात, म्हणजे छप्पर जिथं सुरू होतं त्याच्या खाली भिंतीचा एक पट्टा माळ्यातच येतो. ओळखायचं कसं, तर माळ्यावर कडेला जाऊन टेप उभा धरा. पाखं फळ्यांना टेकत असेल तर शून्य, नाहीतर जेवढं माप येईल तेवढा पट्टा. तो दीड फूट निघाला तर खाली २० गुणिले ३० गुणिले १.५ असा ९०० घनफुटांचा चौकोनी डबा आहे, आणि वरच्या तिकोनाचे १८०० धरून २७०० होतात. इथं लोक अशी चूक करतात की फळ्यांपासून आढ्यापर्यंत साडेसात फूट मोजतात आणि त्याचंच निम्मं करतात, उत्तर येतं २२५०. डब्याचं निम्मं करायचं नसतं, फक्त तिकोनाचं करायचं असतं.

फॅनचा हिशोब मग सरळ आहे. समजा तासाला १० वेळा माळ्यातली हवा बदलायची ठरवली. १८०० गुणिले १० भागिले ६० म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट. नुसतं तीननं भागणाऱ्याला हेच २०० वाटणार आणि त्याचा फॅन प्रत्यक्षात तासाला पावणेसात वेळाही हवा बदलणार नाही. मेसेजचं सगळंच ऐकणारा ५६० चा फॅन घेऊन बसणार, आणि वर लाइट बिल. फॅनच्या डब्यावर घनमीटर प्रति तास लिहिलं असेल तर ३०० ला १.७ नं गुणा, ५१० येतात. डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि पाइप लागला की कमी होतो, म्हणून थोडा मोठाच घ्या. समोरच्या तिकोनी भिंतीत हवा आत यायला झरोका ठेवा, कवेलूच्या फटींतून ती येते तरी, टिनाच्या पॅक छपरात झरोका नसेल तर फॅन नुसता गरगरतो.

माळ्यावर पोती, लाकडं, जुन्या पेट्या भरलेल्या असतील तर त्यांची जागा वजा करा. कडबा आणि कापसाच्या ढिगात मात्र बरीचशी हवाच असते, ढिगाचं पूर्ण बाहेरचं माप वजा करू नका. आणि वासे-बल्ल्यांसाठी काही कमी करायच्या भानगडीत पडू नका, टेप धरताना एका इंचाची चूक झाली तरी उंचीच्या हिशोबात २५ घनफूट इकडचे तिकडं होतात.