एटीएम रिकामं केलं म्हणजे खातं बंद होत नाही

"बँक खातं बंद करायला अर्ज कशाला? एटीएममधून सगळे पैसे काढा. दोन वर्षांनी खातं आपोआप बंद होतं. अर्ज केलात तर उलट बँकच पैसे कापते. बंद झाल्याचं पत्रबित्र कुणी देत नाही."

हा सल्ला कुठेतरी वाचून माझ्या आत्येभावाने खरंच तसं केलं, म्हणून लिहितोय.

दोन वर्षांनी खातं बंद होत नाही, निष्क्रिय होतं. रिझर्व्ह बँकेचं 1 जानेवारी 2024 चं परिपत्रक वाचा. खातेदाराने दोन वर्षं व्यवहार केला नाही तर बचत खातं निष्क्रिय धरतात, पण त्यावर व्याज चालूच राहतं. किमान शिल्लक नसल्याचा दंड बँकेला लावता येत नाही, पण ते खातं निष्क्रिय झाल्यावर. आधीची दोन वर्षं तो लागू शकतो.

शिवाय खातं शून्यावर येतच नाही. एटीएम नोटा देतं, वरचे सत्तेचाळीस रुपये तिथेच राहतात. व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात आणि जमा होतं नंतर. भावाने मेच्या मध्यावर पैसे काढले, तोवरचं व्याज जूनअखेर आलं. मधल्या काळात त्याच खात्यावर लावलेला एसआयपीचा हप्ता परत गेला आणि बँकेने त्याचं शुल्क लावलं. व्याज त्यातच गेलं!

पैसे कापतात हे अर्धं खरं, मान्य. खातं उघडून वर्ष झालं नसेल तर काही बँका शुल्क घेतात. जुन्या खात्याला बहुतेक ठिकाणी काही लागत नाही. बँकेचा शुल्कतक्ता बघून घ्या.

आता अर्ज. आधी एसआयपी, विमा, वीजबिलाचे आपोआप जाणारे हप्ते दुसऱ्या खात्यावर वळवा. मग शाखा व्यवस्थापकांच्या नावे लिहा: "माझे बचत खाते क्रमांक अमुक बंद करावे. आजपर्यंतच्या व्याजासह संपूर्ण शिल्लक पुढील खात्यात एनईएफटीने वर्ग करावी." खाली त्या खात्याचा क्रमांक, नाव, आयएफएससी. न वापरलेले चेक आणि डेबिट कार्ड सोबत जोडल्याचं लिहा. संयुक्त खातं असेल तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, एरवी एकाच्या सहीने पैसे निघत असले तरी. शेवटचं वाक्य सोडू नका: "खाते बंद केल्याची तारीख, वर्ग केलेली रक्कम आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लेखी कळवावा."

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. काउंटरवर "होऊन जाईल" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. पैसे वर्ग झाले तरी खातं उघडंच राहू शकतं, म्हणून पत्र वेगळं मागायचं. ते आलं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे ही शिक्क्याची प्रत आणि तक्रारीची पोच जोडायची असते.