बिल नंबर म्हणजे नेमका कुठला?

"सप्लायरच्या बिलातून काय काय उचलायचं आणि ते कॉम्प्युटरात कसं भरायचं, याची एक छोटीशी नोट काढा. पानभर. फार खोलात नको," असं साहेबांनी सांगितलं आणि ते जेवायला गेले. आमच्या ऑफिसात 'छोटीशी' हा शब्द ज्या कामाला लागतो, त्या कामाला दिवाळीपर्यंत मरण नसतं.

आमचा कारखाना भोसरीत. रोज येणारी बिलं म्हणजे टर्निंगवाले, प्लेटिंगवाले, खोकीवाले, ट्रान्सपोर्टवाले आणि 'किरकोळ' या एका शब्दात मावणारं उरलेलं जग. ती भरणारी आम्ही तीन माणसं. सगळ्यात जुने मामा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुणालाच ठाऊक नाही. दुसरी मी, आणि तिसरा नवीन पोरगा, जो कीबोर्डकडे न बघता टाइप करतो आणि बरेचदा बिलाकडेही.

नोट लिहायच्या आधी मी एकच बिल तिघांना वेगवेगळं भरायला लावलं. बिल साधं होतं. टर्निंगच्या मालाचे ४८,६५० रुपये, खाली गाडीभाडं ४८०, म्हणजे ४९,१३०. त्यावर ९ टक्के सीजीएसटी ४,४२१.७०, तेवढाच एसजीएसटी. बेरीज ५७,९७३.४०, राउंड ऑफ वजा ४० पैसे, एकूण ५७,९७३. बिल नंबर SE/24-25/0117. यात चुकायला काय आहे? पण मामांनी नंबर भरला 117, कारण "बाकीचं सगळं शोभेचं असतं." पोरग्याने भरला SE-24-25-0117, कारण त्याच्या मते तिरकी रेघ कॉम्प्युटरला चालत नाही. आणि ट्रेनी म्हणून बसलेल्या मुलीने भरला बारा आकडी नंबर, कारण तो सगळ्यात वर होता आणि ठळक होता. तो मालाच्या वाहतुकीसाठी काढलेल्या ई-वे बिलाचा नंबर होता.

मामांशी वाद घालायचा म्हणजे सोबत कायदा लागतो. जीएसटीच्या नियमांतला ४६वा नियम सांगतो की बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते, आणि तो त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असतो. मामांना मी शेवटचं वाक्य दोनदा वाचून दाखवलं. वर्षापुरता. म्हणजे पुढच्या एप्रिलनंतर त्याच टर्निंगवाल्याचं 0117 पुन्हा येणार. मामांच्या वहीत मग एकाच पार्टीची दोन 117, आणि त्यातलं कुठलं बिल चुकतं झालं हे कुणी सांगायचं? मामा म्हणाले, "मी सांगेन." त्यांची निवृत्ती जवळ आली आहे, हे मी बोलले नाही.

पोरग्याचा घोटाळा जास्त महागात पडणारा. आमचं सॉफ्टवेअर तोच नंबर दुसऱ्यांदा भरला की ओरडतं. पण त्याचं डोकं सरळ आहे: SE/24-25/0117 आणि SE-24-25-0117 ही त्याच्या लेखी दोन वेगळी बिलं. आणि एकच बिल आमच्याकडे एकदा येतच नाही. आधी मेलवर पीडीएफ येतं, मग गाडीबरोबर कागद. कागदावरही एक 'ओरिजिनल फॉर रेसिपियंट' आणि एक 'डुप्लिकेट फॉर ट्रान्सपोर्टर'. ड्रायव्हर दोन्ही गेटवर टाकून मोकळा. पीडीएफ एकाने भरलं, कागद दुसऱ्याने, रेघ बदलली, की पैसे दोनदा गेले. आणि जास्तीचे पैसे आल्याचं सप्लायर कधी फोन करून कळवत नाही. कमी आले तर दहाव्या मिनिटाला कळवतो.

म्हणून नोटेतली पहिली ओळ अशी: नंबर जसा छापलाय तसाच, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, शून्यासकट, रेघेसकट. स्वतःची अक्कल बिल नंबरात घालायची नाही. आणि ओरिजिनल सोडून दुसरी कुठलीही प्रत टेबलावर आली तर तिच्यावर लाल पेनाने रेघ.

एवढं लिहून मी निवांत झाले, तर एक्सेल उभा राहिला. रोजची यादी आधी एक्सेलात होते, मग सॉफ्टवेअरात चढते. एक्सेलला अक्कल वापरू नको असं सांगायची सोय नाही, निदान आपोआप नाही. 0117 नुसतं टाइप केलं की तो पुढचा शून्य खातो. एका खोकीवाल्याचे बिल नंबर 5-4, 5-5 असे असतात. त्यांच्या जागी एक्सेलने ४ मे, ५ मे अशा तारखा घातल्या आणि पोरग्याने त्या तशाच पुढे पाठवल्या. उपाय फुटकळ आहे, पण आधी करावा लागतो: भरायला बसण्यापूर्वी तो अख्खा रकाना निवडून त्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करायचा. नंतर केला तर गेलेला शून्य परत येत नाही.

तारखेच्या रकान्यात हाच एक्सेल उलटा खेळ करतो. पोरग्याच्या मशीनवर तारखेची सेटिंग अमेरिकन होती. ०४/०५ म्हणजे आपली ४ मे, त्याने ती ५ एप्रिल समजून गिळली. १३/०५ मात्र त्याच्या घशाखाली उतरेना, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ती त्याने नुसती अक्षरं म्हणून ठेवली. ओळखायची खूण अशी की काही तारखा रकान्याच्या उजवीकडे चिकटलेल्या दिसतात आणि काही डावीकडे. डावीकडच्या निदान दिसायला तरी बरोबर असतात. उजवीकडच्या, शहाण्यासारख्या रांगेत उभ्या असलेल्याच चुकलेल्या असतात. मामा हे ऐकून फार खूश झाले. "माझ्या वहीत असलं काही होत नाही," म्हणाले. खरं आहे. त्यांच्या वहीत तारखेच्या जागी 'सोमवार' असतं.

शिवाय एका बिलावर तारखा किती? खरेदीच्या ऑर्डरची म्हणजे पीओची, चलनाची, ई-वे बिलाची, बिलाची आणि आमच्या आवक शिक्क्याची. नोटेत दोनच घेतल्या, बिलाची आणि आवकेची, आणि दोघींना वेगळे रकाने दिले. छोट्या नोंदणीकृत उद्योगांना पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात. करार नसेल तर १५ दिवस, असेल तर फार तर ४५. ती बिलाच्या तारखेवरून मोजायची नसते आणि जीएसटीचं रिटर्न आवकेच्या तारखेवर चालत नाही. दोन्ही एकाच रकान्यात घातल्या की दोन्ही खात्यांशी भांडण.

आता रक्कम. त्याच बिलाची 'रक्कम' एकाने भरली ४८,६५०, दुसऱ्याने ४९,१३०, तिसऱ्याने ५७,९७३. तिघंही आपापल्या जागी बरोबर, कारण रकान्याचं नाव होतं नुसतं 'अमाउंट'. हे नाव ज्याने दिलं तो आता दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी तो रकाना काढून टाकला आणि सहा केले: करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी, राउंड ऑफ, बिलाची एकूण. पहिल्या पाचांची बेरीज शेवटच्याइतकी आली पाहिजे. राउंड ऑफ वजा असेल तर वजाच्या चिन्हासकट.

या बेरजेची गंमत अशी की ती नुसती चूक दाखवत नाही, चुकीचं नावही सांगते. ४८,६५० भरून बेरीज केली तर ५७,४९३ येते. फरक बरोबर ४८०. बिलावर ४८० कुठे दिसतात? गाडीभाड्यासमोर. सप्लायरने बिलातच लावलेलं भाडं आणि पॅकिंग करपात्र रकमेत धरायचं असतं, आणि ते सुटलं की त्या आकड्याचाच खड्डा पडतो. फरक ४,४२१.७० आला तर एक कर गाळलाय. ४० पैसे कमी-जास्त असतील तर राउंड ऑफ. आणि ८० पैसे आले तर वजाचं चिन्ह विसरलंय. ट्रेनी मुलीला हे इतकं आवडलं की ती आता बिलं भरण्याऐवजी फरक शोधते.

एक मात्र बेरजेतही पकडता येत नाही. काही छोटे सप्लायर बिलाच्या तळाशी मागची बाकी मिळवून नवी बेरीज छापतात, आणि ती सगळ्यात मोठ्या टायपात. खालचा शेवटचा आकडा उचलायची सवय असलेला माणूस तीच उचलतो आणि फरक दिसला की राउंड ऑफमध्ये कोंबतो. मी राउंड ऑफच्या रकान्यात २१,४०० रुपये पाहिलेत. म्हणून नोटेत आलं: राउंड ऑफ एका रुपयाच्या वर गेला तर पेन खाली ठेवा.

जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा नंबर, हा पंधरा अक्षरांचा प्राणी आम्ही शेवटी घेतला. बिलावर तो दोनदा असतो, एकदा त्यांचा, एकदा आपला. आपला उचलला की कारखान्याने स्वतःकडूनच माल घेतल्याची नोंद होते, आणि अशा नोंदी झाल्या आहेत. आपला नंबर मी सगळ्यांच्या मॉनिटरला चिकटवला: हा दिसला तर हा नव्हे. हाताने लिहिलेल्या बिलावर शून्य आणि इंग्रजी ओ, पाच आणि एस यांचा गोंधळ होतो, तिथे जागा बघायची. पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७, गुजरातचे २४. पुढची दहा म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथ्या जागी गोल दिसला तर तो ओच, नवव्या जागी दिसला तर शून्यच. आणि चौदावं बहुतेक सगळीकडे झेड.

उरला रिकाम्या रकान्याचा प्रश्न. बिलावर नसलेली गोष्ट भरू नका, रकाना मोकळा सोडा, शेऱ्यात 'बिलावर नाही' लिहा आणि सप्लायरला विचारा, अशी ओळ मी घातली. त्यावर मामांचा सगळ्यात मोठा आक्षेप. मोकळा रकाना म्हणजे काम न केल्याचा पुरावा, म्हणून ते मागच्या बिलावरून अंदाजाने भरतात. अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो, हीच अडचण आहे.

नोट भिंतीवर लागली त्याच दिवशी बिल नंबर नसलेलं एक बिल आलं. मामांनी नियम पाळला, रकाना मोकळा सोडला, माझ्याकडे बघत शेरा लिहिला आणि स्पीकरवर फोन लावला. पलीकडून आवाज आला, "नंबर राहिला होय? तुम्हीच टाका ना मामा एखादा चांगलासा."