पहिल्या एम्प्लॉयीचं अपॉइंटमेंट लेटर: एकदा लिहा, मग निस्तरत बसा

अभिनंदन. वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात तुम्ही, तुमचं प्रिंटिंग मशीन आणि डबा आणणारा पोरगा एवढाच संसार होता, आता पहिली एम्प्लॉयी येतेय. म्हणजे आता तुम्ही कंपनी झालात. कंपनी म्हटलं की अपॉइंटमेंट लेटर आलं, आणि ते कसं लिहायचं हे माझ्याकडून शिका कारण मी लिहिलंय आणि त्याचे पैसेही भरलेत.

पहिली गोष्ट, स्वतः काही लिहू नका. मेहुणा, भाचा, सोसायटीतला कोणीतरी एखाद्या मोठ्या आयटी कंपनीत असतोच, त्याचं लेटर मागवा आणि नाव बदला. माझं अकरा पानी होतं. त्यात लिहिलं होतं की मॅनेजमेंट तुमची बदली भारतात किंवा परदेशात आमच्या कुठल्याही शाखेत करू शकते. माझी शाखा म्हणजे पोटमाळा, तिथे फ्लेक्सचे रोल ठेवतो. शेवटच्या पानावर सगळे वाद बेंगळुरूच्या कोर्टात चालतील असंही होतं, ते मी वाचलंच नाही, तुम्हीही वाचू नका. कळव्याची मुलगी आणि ठाण्याचा मालक भांडायला बेंगळुरूला जातील, प्रवास होईल तेवढाच.

आता ड्यूटीज. इथे बरेच जण चूक करतात, काम काय आहे ते सरळ लिहून टाकतात, म्हणजे कोरलमध्ये डिझाइन करणं, कस्टमरकडून प्रूफ ओके करून घेणं, प्रिंटला फाइल देणं, रोजच्या ऑर्डरची नोंद ठेवणं. चार ओळी. असं लिहिलं की समोरच्याला कळतं आपलं काम काय, आणि आपल्यालाही कळतं सहा महिन्यांनी कशावरून मोजायचं, मग मालकपणाची मजा काय राहिली. माझ्यासारखं एकच वाक्य लिहा, "मॅनेजमेंट सांगेल ती सर्व कामे". यात डिझाइन येतं, बँकेत चेक टाकणं येतं, माझ्या पोराचं शाळेचं प्रोजेक्टही आलं. पुढे तुम्हाला म्हणायचं असेल की हिचं काम बरोबर नाही तर कुठलं काम हा प्रश्न येतो, पण तो नंतरचा.

पगार तोंडी एक सांगा, कागदावर दुसरं लिहा. मी तिला फोनवर "एकवीस हजार हातात" म्हणालो आणि पत्रात "सीटीसी रु. २१,०००, लागू कपाती वगळून" असं लिहिलं. लागू कपाती कुठल्या ते मलाही माहीत नव्हतं. पीएफ "कंपनी पॉलिसीनुसार" लिहिलं, पॉलिसी अर्थातच नाही. आमच्या शेजारच्या गाळ्यात एक रिटायर्ड अकाउंटंट काका बसतात, त्यांनी ते पाहून विचारलं की अरे पीएफ सक्तीचा होतो वीस माणसांवर, ईएसआयसी दहावर, तुझ्याकडे माणसं किती, तर मी म्हटलं एक, तर ते म्हणाले मग "सध्या लागू नाही" असं लिहायला काय जातं तुझं. काकांना बिझनेस कळत नाही.

मग मी दर महिन्याला प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे कापायला लागलो. सगळे कापतात म्हणून. हे तुम्ही नक्की करा. महाराष्ट्रात बाईमाणसाचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर हा टॅक्स शून्य आहे, १ एप्रिल २०२३ पासून, हे मला आठ महिन्यांनी कळलं. पुरुषाला दहा हजाराच्या वर गेला की दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. आणि मी जे कापत होतो ते सरकारकडे भरतही नव्हतो, ते कुठे गेले विचारू नका, गणपतीत खर्च झाले.

वेळ लिहिताना सुरुवात लिहा, शेवट लिहू नका. "सकाळी १० पासून काम आवरेपर्यंत." आमच्या धंद्यात दहीहंडी आणि गणपती म्हणजे सीझन, ठाण्यात तर एकेका चौकात दहा नेत्यांचे फोटो एकाच बॅनरवर बसवायचे असतात आणि कोणाचा फोटो मोठा यावर रात्री अकराला करेक्शन येतं. ती थांबायची, मग मी तिला रिक्षाचे पैसे द्यायचो, मला वाटायचं मीच दानशूर. आठवड्याच्या ४८ तासांच्या वर काम घेतलं तर त्या तासांना दुप्पट दर असतो हे तेव्हा काकांना विचारायचं सुचलं नाही. पण उशिराचं मात्र मी पत्रात कडक घातलं, तीन लेटमार्क म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कट. मध्य रेल्वे रोज कळवा खाडीवर थांबते हा तिचा प्रॉब्लेम. कायद्यात जेवढा वेळ माणूस गैरहजर तेवढ्याच प्रमाणात पैसे कापता येतात, म्हणजे तीनदा दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा तास, अर्धा दिवस नाही. पण पत्रात लिहिलंय ना, मग झालं, असं मला वाटायचं. पत्रात लिहिलं म्हणजे कायदा बदलतो ही समजूत आपल्या सगळ्याच मालक लोकांत आहे, ती जपा.

आता खरी कला. प्रोबेशन आणि नोटीस. इथे जरा हळू वाचा.

मूळ पत्रात होतं, प्रोबेशन सहा महिने, आणि मॅनेजमेंट लेखी कन्फर्म करेपर्यंत ते चालू राहील. मला हे वाक्य इतकं आवडलं. म्हणजे मी लेखी दिलंच नाही तर ती कायमची प्रोबेशनवर, कायमची म्हणजे इन्क्रिमेंट नाही, सुट्ट्या नाहीत, काही नाही. ती लागली १ जून २०२५ ला, सहा महिने संपले ३० नोव्हेंबरला, तिने एकदा विचारलंही, सर कन्फर्मेशनचं काय, मी म्हटलं बघू, सीझन होऊ दे. आमच्याकडे सीझन संपत नाही.

त्याच पत्रात नोटीसचं असं होतं की प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंनी सात दिवस, कन्फर्म झाल्यावर एम्प्लॉयीने ९० दिवस, आणि कंपनी मात्र कधीही काढू शकते. ९० वाचून मला भरून आलं. एका माणसाच्या ऑफिसला ९० दिवसांची नोटीस म्हणजे थाट आहे थाट. दोन्ही वाक्यं एकाच पानावर होती, एकमेकांकडे बघत होती, मला दिसली नाहीत.

१४ फेब्रुवारीला तिने राजीनामा दिला. बेलापूरच्या एका ऑफिसात लागली. पत्रात लिहिलं होतं, नियमाप्रमाणे सात दिवसांची नोटीस, शेवटचा दिवस २१ फेब्रुवारी. मी तापलो. म्हटलं सात कसले, नव्वद. मग मी हिशोबाला बसलो, आणि हा हिशोब शिकून घ्या, फार उपयोगी आहे. एका दिवसाचा पगार किती हे पत्रात कुठेच नव्हतं, त्यामुळे मला मोकळं रान. वसूल करताना महिन्याला २६ ने भागायचं, देताना ३० ने. २१,००० भागिले २६ म्हणजे ८०७ रुपये आणि काही पैसे, गुणिले कमी पडलेले ८३ दिवस, झाले ६७,०३८. तिचे २१ दिवसांचे द्यायचे ते ३० ने भागून ७०० च्या दराने, १४,७००. म्हणजे आठ-नऊ महिने काम करून तीच मला ५२,३३८ रुपये देणं लागते. मी तो कागद छापून काकांकडे घेऊन गेलो, कौतुकाने.

काकांनी चष्मा लावला आणि एवढंच विचारलं, कन्फर्मेशनचं लेटर कुठाय?

नाहीये, म्हटलं, दिलंच नाही, तीच तर आयडिया होती.

मग ती अजून प्रोबेशनवर आहे, काका म्हणाले, तुझ्याच पत्राप्रमाणे, आणि प्रोबेशनला सात दिवस, तेही तुझ्याच पत्राप्रमाणे. आणि कागदात दोन अर्थ निघत असले तर ज्याने कागद लिहिला त्याच्या विरुद्ध अर्थ धरतात, आता तू म्हणशील मी लिहिला नाही मेहुण्याच्या कंपनीने लिहिला, तर खाली सही कोणाची आहे.

मी म्हटलं ठीक, पैसेच अडकवून ठेवतो, येईल झक मारत. तर ते म्हणाले २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे, सोडून गेलेल्या माणसाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. शनिवारी तिचा शेवटचा दिवस, म्हणजे मंगळवार. मग त्यांनी माझ्याच डिलिव्हरी चलनाच्या मागे पेन्सिलने मांडलं. फेब्रुवारीचे दिवस २८, तिचे २१, पत्रात भागाकार लिहिलेला नाही तर महिन्याचे जेवढे दिवस तेवढ्याने भाग, ७५० च्या दराने १५,७५०. वर जून ते जानेवारी आठ महिने दोनशे-दोनशे कापलेले, ते १,६०० परत. एकूण १७,३५०.

ओव्हरटाइम त्यांनी धरला नाही, म्हणाले तिने मागितला तर बघ. तिच्याकडे पुरावा होता, आमचाच व्हॉट्सअ‍ॅप, रोज रात्री ११:४० ला "सर फाइल पाठवली" आणि खाली माझा अंगठा. तिने मागितला नाही. शेवटच्या दिवशी तिने सगळ्या फाइली फोल्डरवार लावून दिल्या, पासवर्ड लिहून दिले, पेढे दिले. असल्या माणसांवर ९० दिवसांची नोटीस लावायची नाही तर कोणावर लावायची.

चलनाच्या उरलेल्या जागेत काकांनी न विचारता अजून काही लिहिलं होतं. प्रोबेशन तीन महिने, संपायची तारीख आकड्यात, त्या तारखेच्या आधी आठवडाभर कन्फर्म की मुदतवाढ की नमस्कार ते लेखी कळव, वाढवलंस तर किती दिवस आणि कशासाठी ते लिही. नोटीस दोघांना सारखी, प्रोबेशनला सात दिवस, नंतर ३० दिवस, कमी पडले तर तेवढ्या दिवसांचा पगार, आणि एक दिवस म्हणजे महिन्याचा पगार भागिले किती तो आकडा तिथेच. वेळ १० ते ७, मध्ये एक तास, रविवार सुट्टी. पगार किती, त्यातून काय कापणार आणि काय नाही, ७ तारखेच्या आत खात्यात. चार ओळींत काम. खाली दोघांच्या सह्या, एक कॉपी तिला. सगळं मिळून दीड पान भरलं नाही. दीड पानाच्या लेटरला लेटर म्हणतात का, समोरच्याला काय वाटेल कंपनीबद्दल.

नवीन मुलगा सोमवारपासून येतोय, मुंब्र्याहून. त्याचं लेटर कालच काढलं. बेंगळुरूच्या जागी ठाणे केलंय, बाकी अकरा पानं तशीच आहेत, आणि नोटीस १२० केलीय.