पहिल्या प्रकरणात गोष्ट सुरू करायची घाई कशाला?

फँटसी कादंबरी लिहायला घेतलीये ना, तीन वर्षं वहीत नकाशे काढलेत, सात राज्यं, चार चंद्र, दोन मेलेल्या भाषा, मग एवढी मेहनत पहिल्या पाच पानांत वाचकाच्या डोक्यावर ओतायलाच हवी, नाहीतर त्याला कळणार कसं की तुम्ही किती राबलात. सुरुवात अशी करा: "एक हजार वर्षांपूर्वी महायुद्ध झाले आणि साम्राज्याचे सात तुकडे पडले." कोण लढलं, का लढलं, मेलेल्यांपैकी एकालाही वाचक ओळखत नाही, पण ते जाऊ द्या, आकडा तर आला ना.

एवढ्यानेही वाचक टिकलाच तर दोन भावांना समोरासमोर बसवा. धाकटा म्हणेल, "दादा, तुला माहीतच आहे की आपले वडील सम्राट आहेत आणि चौथा चंद्र उगवला की जादू बंद पडते." दादा म्हणेल, "हो ना, आणि तुलाही माहीतच आहे की आपली आई शत्रूकुळातली आहे." सख्ख्या भावाला कोणी आईची ओळख करून देत नाही वगैरे शंका मनात आणू नका, पात्रं आपण माहिती पुरवायलाच कामावर ठेवलीत.

मी स्वतः हे सगळं मनापासून केलं होतं. माझी नायिका इरा, नदीवरच्या पुलापाशी पोचेपर्यंत अकरा पानं गेली होती. मैत्रिणीला वाचायला दिलं तर तिने बाराव्या पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात एकच शब्द लिहून परत दिलं: "इथून". तिला साहित्यातलं काही कळत नाही हे उघड आहे, तरी हट्ट म्हणून करून बघितलं, आणि काय वाटोळं झालं ते सांगतो म्हणजे तुम्ही तरी सावध राहाल.

त्या अकरा पानांत तीन वाक्यं अशी होती: इथे एक मंत्र म्हटला की एक नख कायमचं गळतं. जुन्या राणीने तीनशे वर्षांपूर्वी जादूवर बंदी घातली. म्हणून पुलावर तपासणी होते. स्वच्छ, सरकारी परिपत्रकासारखं. ते काढलं आणि उरली फक्त पुलावरची रांग, भर उन्हात लोकरीचे हातमोजे घातलेली इरा, आणि पलीकडच्या काठावर तापाने फणफणलेला तिचा भाऊ. पहारेकरी म्हणतो, "मोजे काढ." ती डावा काढते. तो जांभई देत म्हणतो, "दुसरा पण." ती नाण्यांची पुरचुंडी पुढे सरकवते, वरच्याच नाण्यावर राणीचा चेहरा आहे आणि कोणीतरी त्याचे डोळे खरवडून काढलेत. तो नाणी खिशात टाकतो, तरी मोजा काढायलाच लावतो. दोन बोटांना नखं नाहीत. मागची म्हातारी झटकन दोन पावलं मागे सरते.

बघा, काय अनर्थ! कोणी काहीच समजावलं नाही तरी जादूची किंमत, बंदी, लोकांची भीती, राणीवरचा राग, सगळं वाचकाला कळलं, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट इराच्या वाटेत आडवी येत होती. वर तो विचारायलाही लागला की ती दोन नखं कशापायी गेली. आता उत्तरासाठी तो पुढचं प्रकरण वाचणार, म्हणजे तुमच्या डोक्याला ताप.

मैत्रिणीची चाळणी पण ऐकून ठेवा, म्हणजे चुकून वापरली जाणार नाही. पार्श्वभूमीच्या प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे खरं नसतं तर इरा या प्रसंगात काही वेगळं वागली असती का? नखं पास झाली. सात राज्यं नापास. चार चंद्र नापास, ते नवव्या प्रकरणात गेले, तिथे तिला अंधारात पळायचं असतं.

तीनशे वर्षांचं वाक्य मात्र मी गुपचूप परत घातलं, पहारेकऱ्याने तिचं मनगट धरल्यावर: "तीनशे वर्षांत या पुलावर पकडलेलं कोणी परत दिसलं नव्हतं." सरळ सांगितलेलीच माहिती आहे, पण पहिल्या पानावर ती इतिहासाचा तास होती आणि इथे इराच्या मानेवरची सुरी झाली. म्हणजे सांगायलाही हरकत नसते म्हणे, वाचकाला गरज पडल्यावर.

आणि आपलं काहीही न सांगता खपवायचं असेल तर दुसरा रस्ता आहे, "झिरखाच्या वेळी ग्रोलमाने तिचा ओमेर हिसकला" असं लिहून पुढे चालू पडायचं. एका वेळी एकच नवा शब्द, तोही ओळखीच्या वस्तूला चिकटवून, असलं काही करू नका, वाचकाला चक्क समजतं.

माझं म्हणाल तर पूल आता पहिल्या पानावर आहे. फक्त त्या चार चंद्रांसाठी नऊ प्रकरणं थांबणं जड जातंय, म्हणून एक छोटीशी प्रस्तावना लिहायला घेतलीये, सध्या चौदा पानं झालीत.