तारीखवादी आणि नाकवादी

आमच्या घरात दोन पंथ आहेत. आई नाकवादी. पाकीट फोडायचे, नाकाजवळ न्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "काही झालेलं नाही." तिच्या कोर्टात आजवर एकाही बिस्किटाला शिक्षा झालेली नाही. मी तारीखवादी. पाकिटावरची तारीख उलटली की रात्री बारा वाजून एक मिनिटाने त्या पदार्थाचे विषात रूपांतर होते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्या रविवारी मी कपाट आवरायला घेतले. बारा दिवसांपूर्वी 'बेस्ट बिफोर' उलटलेले बिस्किटांचे दोन पुडे केराच्या पिशवीत टाकले. मागोमाग मधाची बाटली गेली, मग मिठाचा पुडा. आई दारात उभी राहून, घरातले दागिने विकायला काढावेत तसे हे पाहत होती. एवढे पुण्यकर्म आटोपल्यावर श्रमपरिहार म्हणून मी फ्रिजमधला दुधाचा खोका काढला. तारीख पाहिली. अजून चार महिने शिल्लक! पेलाभर दूध गटागटा प्यायलो. चव किंचित कडवट लागली, पण छापील पुरावा माझ्या बाजूने होता.

संध्याकाळपर्यंत मी बाथरूमच्या दाराची कडी इतक्या वेळा लावली आणि काढली की तिचा सैल स्क्रू पडला. माझी ताई खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ती नेमकी त्याच संध्याकाळी आली. माझा चेहरा आणि केराची पिशवी तिने एकाच नजरेत पाहिली.

"खोका कधी फोडला होतास?"

"झाले असतील दहा-अकरा दिवस. पण ताई, तारीख..."

"अरे, ती तारीख बंद खोक्याची!"

मग कळले ते असे. हे दूध सुमारे 140 अंशांवर काही सेकंद तापवतात आणि जंतुविरहित खोक्यात हवाबंद करतात. आत जिवंत जंतूच नाहीत, म्हणून ते महिनोन्महिने कपाटात टिकते. कोपरा कापला त्या क्षणी हवा आत गेली, जंतू आत गेले, आणि चार महिन्यांचा करार तिथेच संपला. 'उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि इतक्या दिवसांत संपवा' हा नवा करार खोक्यावरच असतो, पण मुंगीने लिहिल्यासारख्या अक्षरांत. बहुधा तीन ते पाच दिवस. शिवाय असे दूध बिघडताना नेहमीच्या दुधासारखे फाटून किंवा आंबून आरडाओरडा करीलच असे नाही. दूध आंबवणारे जंतूही तापवण्यात मेलेले असतात. ते कित्येकदा नुसते कडवट होते. "तुझं पोट त्या दुधानेच बिघडलं हे मी सिद्ध करू शकत नाही," असे ताई म्हणाली. शास्त्रज्ञ माणसे सहानुभूतीसुद्धा पुराव्याशिवाय देत नाहीत.

यानंतर तिने केराची पिशवी उपसली. बिस्किटांचे पुडे न फोडलेले होते. "'बेस्ट बिफोर' म्हणजे या तारखेपर्यंत पदार्थ कंपनीला अभिमान वाटेल असा राहील. पुढे थोडा मऊ पडेल, हळूहळू त्यातलं तेल खवट होईल. कुरकुरीतपणा गेला म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही." ही तारीख ठरते कशी, तेही तिने सांगितले. पुडे साठवून ठेवतात, काही मुद्दाम उबेत, म्हणजे ते लवकर म्हातारे होतात. ठरावीक दिवसांनी चव घेणारी माणसे चाखतात. ताज्या बिस्किटातला आणि यातला फरक त्यांना कळू लागला की त्याच्या थोडे अलीकडे रेघ मारतात. म्हणजे मी इतकी वर्षे मृत्यूचा दाखला समजून वाचत होतो, ते तरुणपण ओसरल्याचे पत्र होते. त्या हिशेबाने मला स्वतःलाच पिशवीत टाकायला हवे होते.

मध परत कपाटात गेला. तो खाली साखरेसारखा जमला होता एवढेच. मिठाबद्दल ताई म्हणाली, की त्यात घातलेले आयोडीन काळाबरोबर कमी होते, तारीख असते ती त्यासाठी. मीठ मीठच राहते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात तर आयोडीन न घातलेल्या साध्या मिठाला तारखेची सक्तीच नाही. समुद्रात आणि डोंगरात युगानुयुगे पडून राहिलेल्या वस्तूला मी महिनाभराच्या उशिरासाठी घराबाहेर काढले होते.

आई हे सगळे हात कमरेवर ठेवून ऐकत होती. नाकवादाचा एवढा मोठा विजय या घराने पाहिला नव्हता. त्या उत्साहात तिने फ्रिजमधून मऊ चीजचे पाकीट काढले. त्याची तारीख आदल्या दिवशी संपली होती. तिने नाकाजवळ नेले, डोळे मिटले. "हे बघ, हेही चांगलं आहे."

ताईने ते तिच्या हातातून काढून घेतले आणि टाकून दिले.

"अगं, वास तरी घे!"

"आई, यावर 'बेस्ट बिफोर' नाही, 'यूज बाय' आहे. म्हणजेच एक्स्पायरी. इथे नाकाचं काम नाही."

आईच्या चेहऱ्यावर, जन्मभराची नोकरी एका चिठ्ठीने गेल्यासारखे भाव होते. ताईने तिला जवळ बसवून समजावले. वास येतो तो अन्न नासवणाऱ्या जंतूंमुळे, आणि ते बिचारे निदान सांगून येतात. आजारी पाडणाऱ्यांना ती शिस्त नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतो, आणि ना वास सोडतो, ना रंग, ना चव. म्हणून जे पदार्थ गार ठेवायचे आणि न शिजवता खायचे, त्यांची तारीख चवीवरून नव्हे, तर जंतू किती दिवसांत किती वाढू शकतील यावरून ठरते. धडधाकट माणूस कदाचित निभावून नेईल. गरोदर बाई, तान्हे मूल आणि वयस्कर माणूस यांना मात्र तो फार महागात पडू शकतो.

"वयस्कर कोण?" आईने विचारले. वय वर्षे बहात्तर. आम्ही दोघे भावंडे छताकडे पाहू लागलो.

"आणि ही तारीखसुद्धा," ताईने विषय बदलला, "पाकिटावर लिहिलेल्या थंडीत ठेवलं असेल तरच खरी. फ्रिज किती अंशांवर आहे तुमचा?"

"दोन!" मी ताठ मानेने सांगितले. फ्रिजमधल्या चक्रीवर दोनचा आकडा मीच लावला होता. ताईने पर्समधून थर्मामीटर काढला (ती पर्समध्ये थर्मामीटर बाळगते, तिच्या घरी जेवायला जाताना आम्ही सगळे जपून वागतो), तो पाण्याच्या पेल्यात घालून रात्रभर आत ठेवला. सकाळी पारा नऊवर. हवा होता पाचच्या आत. चक्रीवरचे आकडे अंश नसतात, थंडीचा जोर असतो. चार वर्षे मी "दोन म्हणजे पाचपेक्षा गार" अशा हिशेबाने तो जोर कमी करून ठेवला होता.

ताई जाताना एक कागदी चिकटपट्टी आणि पेन फ्रिजवर ठेवून गेली: जे फोडाल त्यावर फोडल्याची तारीख लिहा. हे काम आईने आपल्याकडे घेतले. नाकाची सत्ता गेल्यावर तिला काहीतरी खाते हवेच होते. आता दुधाचा खोका, लोण्याचे पाकीट, सॉसची बाटली, सगळ्यांच्या कपाळावर तिच्या वळणदार अक्षरात पट्ट्या आहेत. काल सॉसची बाटली काढली. पट्टीवर लिहिले होते: "फोडली, मंगळवारी."

कोणत्या मंगळवारी, असे विचारल्यावर आईने बाटली हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले.