मोट आणि गळा

"कांदा मुळा भाजीचा अर्थ मुलांना एका वाक्यात सांगता येतो: काम हीच पूजा."

संत सावता माळींच्या अभंगाबद्दलचं हे म्हणणं मला पटलं नाही. मीही आठवीला हा अभंग शिकवताना वर्षानुवर्षं असंच उरकायचे. एकदा वर्गात अभंगातली मोट कुणालाच माहीत नाही म्हणून फळ्यावर काढून दाखवली: विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोट, ओढायचा जाड नाडा, बैल. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मग शेवटी 'विठ्ठल पायीं गोविला गळा' म्हणजे बैलासारखंच ना?" तिथे माझा धडा बदलला. सावतोबा कामाला देव म्हणत नाहीत, भाजीला म्हणतात. भाजी स्त्रीलिंगी, म्हणून 'अवघी विठाबाई'. पुढच्या ओळीत तोच देव 'अवघा झाला माझा हरी'. आणि मळा पिकवणारा स्वतः शेवटी विठ्ठलाला जुंपलेला! 'अवघी' हा शब्द तेवढा मुलांना शोधायला लावा.